सारिका ओव्हाळ तिसऱ्या चिलरबद्दल गप्प राहिली

सुहास सर प्लँटरूममध्ये शिरले तेव्हा सारिकाच्या हातात मोठा पाइपपाना होता. तो तिनं खाली ठेवला. त्या दिवसात तिनं केलेली चांगली गोष्ट तेवढीच.

आठ वर्षं झाली होती. माणूस मात्र तसाच. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागं बघायची ती सवय. तिच्याकडं बघून ते एक सेकंद थांबले आणि मग असे हसले की जणू काल-परवाच चहा घेतलाय.

"अरे सारिका! तू इथं होय? व्हेरी गुड, व्हेरी गुड. ओळखीचं माणूस असलं की काम सोपं होतं बघ."

"हो ना सर," सारिका म्हणाली.

सारिका ओव्हाळ म्हणजे सुदुंबऱ्याची. वडील कारखान्यात कामगार होते, ते गेले; आता घरात आई झुंबरबाई आणि ती. ओव्हाळांच्या घरातली पहिली इंजिनिअर, आणि तीही मेकॅनिकल. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुली दोनच होत्या आणि दुसरीनं नंतर बँकेत नोकरी धरली. सारिका मात्र मशिनलाच चिकटून राहिली. आता ती कामशेत आणि वडगावच्या मधे, जुन्या हायवेला लागून असलेल्या दोनशे खाटांच्या हॉस्पिटलची युटिलिटी इंजिनिअर. म्हणजे काय, तर वीज, पाणी, गारवा, गरम पाणी, ऑक्सिजन, सगळं तिच्या डोक्यावर. पेशंटला ती कधीच दिसत नाही. दिसायला लागली तर समजायचं काहीतरी बिघडलंय.

हॉस्पिटलच्या मुख्य होत्या डॉक्टर शुभदा. सर्जन बाई, हात सोन्याचे आणि जीभ कात्रीची. त्यांच्या डोक्यात त्या उन्हाळ्यात ट्रायजनरेशन शिरलं होतं. गॅसची पाइपलाइन गेटपर्यंत आलीच होती. कल्पना तशी सोपी. गॅसवर इंजिन चालवायचं, त्यातून वीज घ्यायची. इंजिन तापतं, त्याच्या अंगाभोवती फिरणारं पाणी नव्वद अंशांवर येतं, आणि एक्झॉस्टचा धूर तर चारशेच्या आसपास. ही उष्णता हवेत सोडायची नाही, पकडायची. काही अंघोळीच्या, धुण्याच्या गरम पाण्याला द्यायची आणि उरलेली ॲब्सॉर्प्शन चिलरला. हा चिलर मोठा गमतीदार प्राणी. वीज नावालाच पितो, उष्णता खातो आणि गार पाणी देतो. एका गॅसमधून वीज, गरम आणि गार.

पण सगळा खेळ मापाचा आहे हो! इंजिन मोठं घेतलं की संपलं. पकडलेल्या उष्णतेला वर्षभर कुणी खाणारं नसेल तर ती रेडिएटरमधून हवेत फेकावी लागते, आणि मग राहतो फक्त एक महागडा जनरेटर. वर आणि गॅस इंजिनाला कमी भार सोसत नाही. महिनोन् महिने निम्म्याच्या खाली चालवलं की आत काजळी धरते, प्लग जातात, तेल खराब होतं.

हे सारिकाला पुस्तकातून नाही, अंगावर घाव घेऊन कळलं होतं.

ती तेव्हा पुण्यात सुहास सरांच्या कन्सल्टन्सीत होती, पंचविशीची. काम आलं लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचं. सारिका तिथं तीन आठवडे राहिली आणि तिला एक साधी गोष्ट दिसली. शनिवार-रविवारी रिसॉर्ट खच्चून भरतं, सोमवारी सकाळी सगळे पुण्या-मुंबईला पळतात, आणि मग शुक्रवारपर्यंत खोल्यांमध्ये फक्त झुरळं. तिनं रिपोर्टमध्ये लिहिलं, इंजिन शनिवारच्या गर्दीवर ठरवू नका, मंगळवारच्या शुकशुकाटावर ठरवा. सरांनी ते पान काढून टाकलं. मोठं इंजिन, मोठं काम, मोठं नाव. दोन पावसाळ्यांत इंजिन काजळी धरून बंद पडलं. मालकानं सगळ्यांना बोलावलं, आणि सर शांतपणे म्हणाले, "साइझिंग सारिकाचं होतं."

तेवढ्यावर थांबले असते तरी तिनं कधीतरी सोडून दिलं असतं. पण लॉबीत, ती खांबाच्या पलीकडं बूट घालत होती तेव्हा, सर मालकाला म्हणाले, "कोट्यातून आलेली मुलगी. मी विश्वास टाकला, चूक माझीच."

ते वाक्य तिनं आठ वर्षं सांभाळलं. लोक दागिने सांभाळतात तसं. त्यानंतर पुण्यातल्या एकाही कन्सल्टन्सीनं तिला दारात उभं केलं नाही. सगळीकडं आधीच फोन गेलेला असायचा.

तर आता, मे महिन्यात, ते सर तिच्या प्लँटरूममध्ये उभे होते. तिच्या! हॉस्पिटलसाठी ट्रायजनरेशन परवडेल का, इंजिन किती मोठं लागेल, चिलर किती, हे ठरवायचं काम डॉक्टर शुभदांनी त्यांना दिलं होतं.

समोर तीन चिलर ओळीनं उभे. साधे, विजेवर चालणारे, प्रत्येकी ऐंशी टनांचे. इथं टन म्हणजे वजन नाही, गारव्याचं माप. भर मे महिन्यातही दोन चिलर पुरतात. तिसरा स्टँडबाय, म्हणजे एखादा बंद पडला तर हाताशी असावा म्हणून. ऑपरेशन थिएटरचा प्रश्न आहे, असा एक जास्तीचा ठेवावाच लागतो. तिन्ही आलटून पालटून चालवतात, म्हणून तिन्ही सारखेच चकचकीत.

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिन्ही चिलरच्या पाट्यांचे फोटो काढले. खटक, खटक, खटक. मीटर लावायचं नाव नाही. रिसॉर्टमध्येही त्यांनी असंच केलं होतं. पाट्यांची बेरीज करायची आणि तिला लोड म्हणायचं, ही त्यांची जुनी खोड.

"तिन्ही मशीन चांगल्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

प्लँटचा ऑपरेटर हौशीराम तिथंच फडकं घेऊन उभा होता. आंदर मावळातला माणूस, पन्नाशीचा, तोंडाला झाकण नाही. तो पुढं झाला, "चांगल्या हायेत सायेब, पर ती तिसरी..."

"तिन्ही चांगल्या आहेत सर," सारिका मधेच म्हणाली. "हौशीरामभाऊ, कूलिंग टॉवरचा पंप बघून या जरा."

"आत्ता तर बघितला की."

"परत बघा."

हौशीराम तिच्याकडं बघत बघत गेला. सर जिना चढून गेले. सारिका, खरं सांगायचं तर, हसत होती.

हौशीराम परत आला तो कमरेवर हात ठेवून. "मॅडम, तुमी त्यास्नी सांगितलं का न्हाई?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आवो पर त्यो मानूस तिन्हीची बेरीज करनार! मुंगीला हत्तीचा लेंगा शिवनार!"

"शिवू दे ना, भाऊ. घालून दाखवायला लोकांसमोर आणू आपण त्याला."

 हौशीरामनं फडकं झटकलं आणि म्हणाला, "तुमच्यात लय इख हाय बगा."

"आहेच."

घरी आईला सांगितलं तर झुंबरबाई भाकरी थापता थापता थांबल्या. तो माणूस कोण हे त्यांना नाव न घेताही कळलं.

"त्यो आलाय व्हय? तुज्या हाताखाली?"

"माझ्या हाताखाली नाही गं. माझ्या प्लँटमध्ये."

"एकच झालं. मी असते तर वाफंच्या नळीम्होरं हुबा केला असता." भाकरी तव्यावर पडली. "सोडू नगं, सारे. पर येक ध्यानात ठेव, त्यानं जे केलं त्येच तू करू नगं. न्हाईतर मग तो आन तू, फरक काय राह्यला?"

सारिका फणकारली. "मी काय खोटं बोलले?"

"मी कुटं म्हनले खोटं बोललीस? जेव."

पण सारिका तिथं थांबली नाही. तिला घाई झाली होती. आठ वर्षं थांबलेल्या माणसाला आठ दिवस थांबवत नाही! जूनमध्येच ती डॉक्टर शुभदांच्या केबिनमध्ये गेली आणि ठासून सांगून आली, "मॅडम, मला हा प्रकल्पच चुकीचा वाटतो. आपल्याकडं चार महिने पाऊस. बाहेर एवढा गारवा असताना चिलर कशाला चालेल आणि गरम पाणी तरी किती लागेल? इंजिनची उष्णता सरळ हवेत जाणार."

"मोजलंयस का?" डॉक्टर शुभदांनी विचारलं.

"मोजते."

"मग मोजून ये. तोपर्यंत हे तुझं मत आहे."

हे तिला लागलं. पण मोजायचं तर होतंच, नाहीतर सरांना लोकांसमोर उघडं कसं पाडणार? तिनं भाड्यानं लॉगर आणले. पाइपला बाहेरून चिकटवायचे मीटर, आत किती पाणी वाहतं आणि किती अंशांनी गार होतं ते मोजणारे. विजेच्या प्रत्येक मोठ्या फीडरला एक. हौशीराम शिडीवर आणि ती खाली.

"मॅडम, येवडं नवऱ्याच्या नाडीला कुनी हात लावत न्हाई जेवडा तुमी पायपाला लावताय."

"खाली उतरा आणि पुढचा लावा."

जुलै गेला, ऑगस्ट निम्मा झाला. बाहेर मावळ सगळा धुक्यात बुडालेला, प्लँटरूमच्या खिडकीतून कूलिंग टॉवरही दिसेना. एका दुपारी ती लॅपटॉप उघडून बसली, सरांच्या नरडीला लावायचा सुरा हातात घेतल्यासारखी, आणि आलेखाकडं बघून तिचं तोंड उतरलं.

गारव्याची मागणी पावसात पडली नव्हती. मेमध्ये प्लँटच्या लॉगबुकप्रमाणे एकशेचाळीस टन, आणि ऑगस्टमध्ये रात्रंदिवस नव्वदच्या खाली यायलाच तयार नाही. का? तर ओलावा! ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूमध्ये हवा कोरडी लागते. मावळातली पावसाळी हवा म्हणजे ओलं फडकं. तिच्यातलं पाणी काढायचं तर आधी हवा बारा-तेरा अंशांपर्यंत गार करावी लागते. पण तेवढी गार हवा सर्जनच्या डोक्यावर सोडता येत नाही, म्हणून ती परत गरम करून आत सोडायची. याला रिहीट म्हणतात. आणि हे रिहीट आत्तापर्यंत डक्टमधले विजेचे हीटर करत होते! ते विजेच्या बिलात लपून बसले होते, म्हणून कुणीच त्यांना उष्णतेची मागणी म्हणून धरलं नव्हतं. तिनंही नाही.

भरीला लाँड्री. उन्हाळ्यात निम्म्या चादरी गच्चीवर वाळतात. पावसात एकही नाही, सगळं ड्रायरमध्ये. त्या ड्रायरला जाणारी हवा इंजिनच्या उष्णतेनं आधीच तापवून दिली तर केवढं वाचेल.

म्हणजे मावळात पावसाळा हा उष्णता वाया जाण्याचा नाही, उष्णता सगळ्यात जास्त लागण्याचा काळ निघाला. तिनं डॉक्टर शुभदांना जे ठासून सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं.

तिनं लॅपटॉप बंद केला. मग उघडला. मग कागदावर आकडे मांडले, कारण आकडे मांडल्याशिवाय तिला राग नीट येत नसे. तिन्ही पाट्यांच्या बेरजेवरून सर काढणार ते अकराशे किलोवॅटचं इंजिन इथं चालणारच नाही, ते नक्की. पण अडीचशेचं? हॉस्पिटलला मध्यरात्रीही, डक्टचे हीटर वगळून, तीनशेच्या जरा खाली वीज लागतेच. चिलरची थोडी वाचली तरी अडीचशेच्या वर राहते. म्हणजे इंजिन जवळजवळ पूर्ण भारावर, दिवसरात्र. त्यातून पकडता येणारी उष्णता दोनशेनव्वद किलोवॅटच्या आसपास. मेमध्ये चाळीस गरम पाण्याला, बाकीची ॲब्सॉर्प्शन चिलरला, त्यातून पन्नास टन गारवा. पावसात शंभर रिहीट, लाँड्री आणि गरम पाणी मिळून, उरलेल्यातून अडतीस-चाळीस टन. कमी पडेल ते जुने चिलर देतील. हिवाळ्यात अंघोळीचं गरम पाणी वाढतं. फेकायला काही उरतच नाही.

उत्तम प्रकल्प होता. तिला मारायचा होता तो प्रकल्प जिवंत आणि ठणठणीत निघाला.

आता काय करायचं? ही पानं तिच्याकडंच होती. सरांचं मोठं इंजिन मीटिंगमध्ये हाणून पाडायचं आणि छोट्याबद्दल गप्प बसायचं. प्रकल्प मेला, सर हात हलवत परत. कुणालाही कळलं नसतं.

तिनं ते मनातल्या मनात करूनही बघितलं. आणि तिला ते पुरेना! सर हात हलवत परत जाणार म्हणजे काय, गाडीत बसणार आणि दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलच्या चिलरचे फोटो काढणार. म्हणणार, मावळात जमलं नाही, साइट अवघड होती. नाही. साइट अवघड नव्हती हे लोकांना दिसायला हवं. बरोबर आकडा चुकीच्या आकड्याच्या शेजारी ठेवला तरच चुकीचा आकडा नागडा होतो. इंजिन मेलं तर सर वाचतात. इंजिन जगलं तर सर मेले.

असं ती प्रामाणिक झाली. चांगुलपणानं नाही, सूड नीट उगवावा म्हणून.

मीटिंग सप्टेंबरात झाली. डॉक्टर शुभदा, ट्रस्टचे दोन वयस्क गृहस्थ, सुहास सर आणि त्यांचा प्रोजेक्टर. सारिका कोपऱ्यात. हौशीराम काही विचारलं तर असावा म्हणून दाराशी, नवा शर्ट घालून.

सरांनी पडद्यावर आणलं तेच, जे तिनं मेमध्येच ओळखलं होतं. तीन चिलर, दोनशेचाळीस टन. तेवढा गारवा उष्णतेवर करायचा तर बाराशे किलोवॅट उष्णता. ती देणारं इंजिन अकराशे किलोवॅटचं. गणित चोख होतं हो, पायाच कुजका.

"सर, एक विचारू?" सारिका उभी राहिली. "हॉस्पिटलची सगळ्यात जास्त वीज सहाशे. रात्री तीनशेपेक्षा कमी. अकराशेचं इंजिन चालणार कशावर?"

"उरलेली ग्रिडला देऊ," सर म्हणाले, तिच्या खांद्यावरून मागं बघत.

"आणि उरलेली उष्णता?"

"ती ॲब्सॉर्प्शन चिलर घेईल."

"चिलरकडं तेवढं गार करायला काय आहे? दोनशेचाळीस टन इथं कधी लागलेच नाहीत, सर. मी मोजलंय." तिनं आलेख लावला. "भर उन्हाळ्यात, लॉगबुकप्रमाणे, एकशेचाळीस. तिसरा चिलर स्टँडबाय आहे. तिन्ही कधीच एकत्र चालत नाहीत."

ट्रस्टचे दोघे पडद्याकडं वाकले.

"आणि पाणी," ती म्हणाली, थांबायचं तिला सुचेना. "ॲब्सॉर्प्शन चिलर तेवढ्याच गारव्याला साध्याच्या दुप्पट उष्णता कूलिंग टॉवरला देतो. टॉवर ती पाण्याच्या वाफेनं बाहेर टाकतो, म्हणजे पाणीही दुप्पट उडणार. मेमध्ये आपण टँकरवर असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये पाण्याचं पानच नाही. की ते पण काढून टाकलं, सर?"

ते 'पण' फक्त एका माणसाला लागलं. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे प्रकल्प नकोच?" ट्रस्टच्या गृहस्थांपैकी एकानं विचारलं.

"हवाय. पण छोटा." आणि तिनं अडीचशे किलोवॅटचं पान लावलं.

आता बघा, माणूस किती बदलत नाही ते! सरांनी ते पान वाचलं, खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "एक्झॅक्टली. हाच आमचा ऑप्शन बी होता. अडीचशे. मी आज डिस्कशनला आणणारच होतो. सारिकानं छान मांडलं, आमच्याकडंच तयार झालीय ती."

आठ वर्षांनी, चोवीस सेकंदांत, परत तिचा आकडा खिशात! पण ती याचीच तर वाट बघत होती.

"मग सर, तुमच्या ऑप्शन बीमध्ये पावसाळ्याची उष्णता कुठं जाते?"

"पावसाळ्यात..." सर हसले, ट्रस्टींकडं वळून. "पावसाळ्यात इथं हवा थंडच असते. हीटिंग लोड शून्य धरायचा. तेवढे महिने इंजिन थोडं कमी चालवायचं."

डॉक्टर शुभदांनी चष्मा काढला.

"शून्य?" त्या म्हणाल्या. "मी जुलैमध्ये पोट उघडून उभी असते आणि डक्टचा हीटर ट्रिप होतो, तेव्हा भिंतींना पाणी सुटतं आणि माझे दात वाजतात. तुम्ही माझ्या थिएटरमध्ये एकदा तरी शिरला होतात का?"

"मॅडम, डेटा साइटकडून यायचा असतो. मी प्लँटमध्ये आलो तेव्हा तिसरा चिलर स्टँडबाय आहे हे सारिकानं मला सांगितलंच नाही. तिथंच उभी होती. मुद्दाम लपवलं. विचारा त्या ऑपरेटरला."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. हौशीरामनं छताकडं बघितलं.

"सारिका," डॉक्टर शुभदा म्हणाल्या. "खरंय?"

"हो. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हौशीरामभाऊ सांगत होते, मी त्यांना गप्प केलं."

"आणि जूनमध्ये येऊन तूच मला सांगून गेलीस की पावसात उष्णता वाया जाणार. आत्ता हे जे म्हणाले तेच."

"हो मॅडम. मोजायच्या आधी बोलले. मला ह्यांना पाडायचं होतं."

असं कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही. ट्रस्टच्या दुसऱ्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

डॉक्टर शुभदांनी फार वेळ घेतला नाही, सर्जनच त्या. "सुहास, तुमचं काम इथं संपलं. ज्याला तिनांतला चालू कुठला हे विचारावंसं वाटत नाही, त्याच्या हातात मी माझं थिएटर देणार नाही." मग सारिकाकडं वळून, "इंजिन अडीचशेच्या आसपासचं, हे मला पटलंय. पण पुढचं डिझाइन तू करणार नाहीस. बाहेरून दुसरा माणूस आणेन. तुझे लॉगर, तुझे आकडे, सगळं त्याला द्यायचं, न विचारलेलंसुद्धा. रिपोर्टवर नाव त्याचं असेल. तुझं नाही."

सारिकाला वाटलं होतं आज ती रडणार नाही. डोळे भरलेच. जे नाव त्या लोणावळ्याच्या लॉबीत चिखलात गेलं, ते या पानावर स्वच्छ लिहायचं होतं तिला, मोठ्या अक्षरात. आणि ते जाण्याचं कारण या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

"चालेल मॅडम," ती म्हणाली.

बाहेर पोर्चमध्ये सर गाडीच्या किल्ल्या शोधत उभे होते. भुरभुर चालू होती. प्रोजेक्टरची बॅग खांद्यावरून घसरत होती आणि पहिल्यांदाच ते तिच्या डोळ्यांत बघत होते.

"झालं समाधान? एवढं मनात धरतात का? आणि तुला तरी काय मिळालं? नाव नाही, काम नाही."

"तुम्ही गेलात ना सर. ते मिळालं."

"मी तुझं करिअर घडवलं होतं."

हेच! यासाठीच तर आठ वर्षं ती बसमध्ये, अंघोळ करताना, भाजी निवडताना उत्तर रचत होती. लॉबी, खांब, बूट, ते वाक्य, सगळं ओळीनं. तिनं तोंड उघडलं. "सर, तुम्ही त्या दिवशी लॉबीत माझ्याबद्दल जे..."

फोन वाजला. थिएटरची सिस्टर. "मॅडम, ओटी दोनमध्ये ह्युमिडिटी चढतेय, पेशंट टेबलवर आहे!"

ती पळाली. सर मागं काहीतरी म्हणत होते. ती दोन दोन पायऱ्या उतरत होती आणि डोक्यात फक्त एवढंच, गार पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला असणार, ओलाव्यानं त्याची मोटर धरली असणार.

हौशीराम नव्या शर्टातच शिडीवर चढलेला होता. "अडाकलाय मॅडम. हातानं फिरवू?"

"फिरवा. सावकाश. अजून. बस."

पाइपवर हात ठेवून ती थांबली. पाणी वाहायला लागल्याचं तळहाताला कळलं. वरून सिस्टरचा फोन आला, काटा उतरतोय म्हणून. मग हौशीराम खाली आला, शर्टाला ग्रीस लागलेलं बघून हळहळला आणि म्हणाला, "सायेब गेले का?"

"गेले असतील."

"तुमी काय बोलला त्यास्नी?"

सारिकानं विचार केला. गेटकडून गाडी निघाल्याचा आवाज आला, जुन्या हायवेला लागून तो पुण्याच्या दिशेनं बारीक होत गेला.

"अर्धंच," ती म्हणाली, आणि मोटर खोलायला स्क्रू ड्रायव्हर मागितला.